दुर्बिणीने मूतखडा काढणे आणि आत राहणारी नळी

प्रश्न: माझे वडील ५६ वर्षांचे आहेत, रावेर तालुक्यात केळीची शेती करतात, त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या कुशीत असह्य दुखले. सीटी स्कॅनमध्ये उजव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात ८ मिमीचा खडा निघाला आणि किडनीला सूज आहे असे लिहून आले. क्रिएटिनिन १.५ आहे. गोळ्या चालू आहेत, पण खडा पडलेला नाही. डॉक्टर म्हणतात की दुर्बिणीने खडा काढू आणि आत एक नळी ठेवू, ती नंतर काढावी लागेल. गावात सगळे म्हणतात की केळीच्या खोडाचा रस पाजा, खडा आपोआप पडेल. थांबावे का? नळी कशाला हवी? आणि एकदा खडा काढला की त्रास संपेल याची खात्री डॉक्टर का देत नाहीत?

उत्तर:

तुमच्या तिन्ही शंकांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून खडा अडकतो म्हणजे काय होते तिथून सुरुवात करतो. मूत्रपिंडातून मूत्राशयापर्यंत, म्हणजे लघवीच्या पिशवीपर्यंत, लघवी आणणारी मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते आणि तिची आतली पोकळी जेमतेम ३ ते ४ मिमी असते. ती तीन ठिकाणी अधिक अरुंद होते: मूत्रपिंडातून बाहेर पडताना, ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना, आणि मूत्राशयात शिरताना. यातली शेवटची जागा सर्वांत अरुंद असते, आणि तुमच्या वडिलांचा खडा तिच्याच वर थांबलेला आहे. दुखते ते खडा टोचतो म्हणून नव्हे. वरून येणारी लघवी तुंबते, तिच्या दाबाने मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी ताणली जाते आणि ती कळ कुशीतून जांघेपर्यंत उतरते. त्यामुळेच दुखणे थांबले म्हणजे खडा पडला असे समजता येत नाही. काही आठवड्यांनी मूत्रपिंड त्या दाबाला सरावते, कळ कमी होते, आणि आत तुंबलेले तसेच राहते.

थांबावे का, हे खड्याच्या आकारावर आणि रुग्णाच्या बाकीच्या प्रकृतीवर ठरते. ५ मिमीपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा स्वतःहून पडतात. ५ ते १० मिमीच्या दरम्यानचे खडे पडण्याची शक्यता ढोबळमानाने निम्मी धरली जाते, आणि त्या टप्प्यातही खडा जितका मोठा तितकी ती शक्यता घटते. टॅमसुलोसिनसारखी गोळी मूत्रवाहिनीचा खालचा भाग सैल करते आणि खालच्या भागातल्या अशा खड्यांना काही प्रमाणात मदत करते, म्हणून ती देऊन वाट पाहणे हा योग्यच मार्ग होता. मात्र ही वाट चार, फार तर सहा आठवड्यांपर्यंतच पाहायची असते, आणि तीही रुग्णाला ताप नसेल, दुखणे गोळ्यांनी आटोक्यात असेल आणि मूत्रपिंडाचे काम नीट चालू असेल तरच.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त लक्ष द्यावेसे वाटते ते क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकते त्या टाकाऊ पदार्थाच्या, आकड्याकडे. एकाच बाजूला खडा अडकला आणि दुसरे मूत्रपिंड निरोगी असले, तर ते दुसरे मूत्रपिंड काम सांभाळून घेते आणि क्रिएटिनिन फारसे वाढत नाही. ते १.५ पर्यंत गेले आहे याचा अर्थ डावे मूत्रपिंडही पुरेसे सक्षम नसावे. दहा वर्षांच्या मधुमेहाचा तो परिणाम असू शकतो, उन्हात पाणी कमी पडल्याचा असू शकतो, किंवा तीन आठवडे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचाही असू शकतो. जुना अहवाल घरात असेल तर तो शोधून डॉक्टरांना दाखवा. दोन वर्षांपूर्वीही आकडा १.५ च होता की तेव्हा ०.९ होता, यावरून निर्णयाची घाई किती करायची हे बदलते. आणि डायक्लोफिनॅकसारखी इंजेक्शने किंवा गोळ्या गावातून परस्पर घेणे आता थांबवा, कारण क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला त्या आणखी इजा करू शकतात. या सगळ्याचा विचार करता, तीन आठवडे वाट पाहून झाल्यावर दुर्बिणीचा सल्ला देणाऱ्या तुमच्या डॉक्टरांशी मी सहमत आहे.

केळीच्या खोडाच्या रसाबद्दल आमच्या भागात रोज विचारले जाते, तसेच हुलग्याच्या काढ्याबद्दल आणि पानफुटीच्या पानांबद्दलही. या उपायांनी ८ मिमीचा अडकलेला खडा विरघळतो किंवा पडतो असे भरवशाने सांगता येईल असा पुरावा नाही. ज्यांचा खडा ३-४ मिमीचा असतो त्यांचा तो रस न पिताही बहुधा पडलाच असता, आणि म्हणून गावात यशाच्या गोष्टी खूप ऐकू येतात. त्या खोट्या नसतात, पण त्यावरून मोठ्या खड्याबद्दल काही ठरवता येत नाही. शिवाय खोडाच्या रसात पोटॅशियम भरपूर असते, आणि मूत्रपिंडाचे काम कमी झालेल्या माणसाच्या शरीरातून जादा पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही. वडिलांचे क्रिएटिनिन पाहता त्यांना हा रस देऊ नये. बिअरबद्दलही हेच: लघवी वाढते ती पाण्यानेही वाढते, आणि वाट अडलेली असताना एकदम खूप पाणी पाजून खडा ढकलता येत नाही, उलट वरचा ताण वाढून कळ बळावते.

एका परिस्थितीत मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवावा लागतो. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला, तर त्या वेळी खडा फोडायचा नसतो. तुंबलेली, पू झालेली लघवी आधी वाट करून बाहेर काढायची, त्यासाठी खालून नळी सरकवायची किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी घालायची, प्रतिजैविके द्यायची, आणि संसर्ग पूर्ण आटोक्यात आल्यावर काही दिवसांनी खड्याला हात लावायचा. मधुमेही माणसात हा संसर्ग काही तासांत रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो. वडिलांना शस्त्रक्रियेच्या तारखेआधी ताप आला तर तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, त्यांना थेट रुग्णालयात न्या.

तयारीत लघवीची कल्चर तपासणी महत्त्वाची आहे, कारण लघवीत जंतू असताना दुर्बीण घातली तर ते पाण्याच्या दाबाने रक्तात जाऊ शकतात. या तपासणीचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून ती आधीच द्यावी. साखर आटोक्यात आणावी लागते. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा त्याच गटातली दुसरी गोळी असेल तर ती सहसा तीन दिवस आधी थांबवतात, तेव्हा सर्व गोळ्यांची पाकिटेच भूलतज्ज्ञांना दाखवणे उत्तम. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. दुर्बिणीची ही शस्त्रक्रिया अशा काही गोळ्या चालू ठेवूनही करता येते, आणि हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने गोळी बंद करण्याचा धोका खड्याच्या धोक्यापेक्षा मोठा असू शकतो. उपाशीपोटी म्हणजे खाणे सहा तास आधी बंद; दुधाचा चहा खाण्यातच मोजला जातो, आणि पहाटे घोटभर चहा घेतल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते असे वारंवार घडते.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात किंवा पूर्ण भूल देतात. शरीरावर कुठेही छेद नसतो. लघवीच्या नैसर्गिक वाटेने मूत्राशयात दुर्बीण जाते, तिथे उजव्या मूत्रवाहिनीचे बारीक तोंड दिसते, आणि त्यातून आधी एक लवचीक तार खड्याच्या बाजूने वर मूत्रपिंडापर्यंत सरकवली जाते. ही तार कुठवर पोहोचली हे क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहतात. ती शेवटपर्यंत आत ठेवलेली असते, कारण मध्येच काही अडचण आली तर याच तारेवरून नळी सरकवून लघवीची वाट मोकळी ठेवता येते. मग साधारण अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, लांब आणि जवळपास सरळ दुर्बीण तारेच्या शेजारून मूत्रवाहिनीत चढते. दृश्य स्वच्छ राहावे म्हणून सलाईनची धार हळूहळू सोडलेली असते. खडा समोर आला की केसासारख्या बारीक तंतूतून लेसर सोडून, किंवा हवेच्या दाबावर ठोके देणाऱ्या सळईने, त्याचे तुकडे केले जातात. मोठे तुकडे तारेच्या छोट्या जाळीत पकडून बाहेर काढतात आणि भुकटी लघवीवाटे निघून जायला सोडतात. सगळे सुरळीत असेल तर याला अर्धा ते एक तास लागतो, आणि बरेच रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातात.

खात्री का दिली जात नाही, याचे उत्तर इथेच आहे. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातल्या खड्यांमध्ये पहिल्याच खेपेत खडा पूर्ण निघण्याचे प्रमाण चांगले आहे. प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ते दहांपैकी नऊ रुग्णांच्या आसपास आहे. पण तुमचे वडील त्या नवांत असतील की दहावे असतील, हे आत दुर्बीण गेल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही, आणि जो डॉक्टर शंभर टक्के हमी देतो त्याच्यापाशी थोडे थांबून आणखी प्रश्न विचारावेत असे माझे मत आहे.

आत गेल्यावर तीन गोष्टी घडू शकतात, आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी त्या तिन्ही घरच्यांना माहीत असाव्यात. पहिली, मूत्रवाहिनीचे तोंड इतके अरुंद असू शकते की दुर्बीण शिरतच नाही. तिथे जोर लावला तर मूत्रवाहिनीला भोक पडू शकते किंवा, फार क्वचित, ती तुटूही शकते, आणि त्यानंतर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून समजूतदार शल्यचिकित्सक तिथेच थांबतो, फक्त नळी ठेवतो आणि रुग्णाला दोन-तीन आठवड्यांनी परत बोलावतो. नळीभोवती मूत्रवाहिनी तेवढ्या काळात सैल होते आणि दुसऱ्या खेपेस दुर्बीण सहसा सहज जाते. दुसरी, तार खड्यापलीकडे जाताच गढूळ, पूमिश्रित लघवी येऊ शकते. ताप नसतानाही असे आढळते, विशेषतः मधुमेहात. तेव्हाही नळी ठेवून बाहेर यायचे. तिसरी, पाण्याच्या धारेने खडा वर मूत्रपिंडात पळू शकतो. खालच्या भागातल्या खड्यात हे कमी होते, पण झाले तर लवचीक दुर्बीण वापरून किंवा नंतर बाहेरून ध्वनिलहरींनी तो फोडावा लागतो.

यातल्या पहिल्या दोन प्रसंगी मी बाहेर आल्या आल्या नातेवाईक विचारतात, मग ऑपरेशन फसले का? मी त्यांना स्पष्ट सांगतो की खडा आज निघाला नाही हे खरे, पण मूत्रपिंडाची वाट मोकळी झाली आहे, आणि मूत्रपिंडाला आज सर्वाधिक गरज त्याचीच होती. ही शक्यता आधी बोललेली असेल तर हे ऐकणे सोपे जाते.

सगळे नीट झाले तरी शस्त्रक्रियेनंतर ताप येणे, लघवीत काही दिवस रक्त दिसणे, बारीक तुकडा मागे राहणे हे घडते. शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णात, महिन्यांनंतर, खडा जिथे रुतला होता तिथे मूत्रवाहिनी आकसते. हे शेवटचे न दुखता होते, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता नळीविषयी. डॉक्टर तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती मऊ प्लॅस्टिकची, साधारण २ मिमी जाड आणि २४ ते २६ सेंटीमीटर लांब असते, तिला जागोजागी छिद्रे असतात आणि दोन्ही टोके वळलेली असतात. वरचे टोक मूत्रपिंडात आणि खालचे मूत्राशयात वळून बसते, म्हणून ती घसरत नाही. बाहेरून ती दिसत नाही; काही डॉक्टर तिला एक बारीक दोरा ठेवतात, तेव्हा तो दोरा तेवढा बाहेर असतो. खडा जिथे रुतलेला असतो तिथली आतली त्वचा सुजलेली असते, दुर्बीण आणि लेसरने ती आणखी सुजते. नळी नसेल तर दोन-तीन दिवस त्या सुजेने किंवा रक्ताच्या गाठीने वाट पुन्हा बंद होऊन पहिल्यासारखीच कळ येऊ शकते. नळीतून आणि नळीच्या बाजूने लघवी वाहत राहते आणि सूज उतरायला अवधी मिळतो.

प्रत्येकालाच ती लागते असे नाही. खडा लहान होता, सहज निघाला, काहीही इजा झाली नाही, दुसरे मूत्रपिंड चांगले आहे, अशा रुग्णात नळी न ठेवणे योग्य ठरते, आणि ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारणे हा तुमचा हक्क आहे. तुमच्या वडिलांचा खडा मात्र तीन आठवडे एकाच जागी आहे, क्रिएटिनिन वाढलेले आहे आणि मधुमेह आहे. अशा माणसाच्या मूत्रपिंडाची वाट पुन्हा बंद होण्याचा धोका मीही पत्करला नसता.

नळी आत असताना त्रास होतो, आणि तो किती होईल हे आधी सांगता येत नाही. बहुतेकांना काही ना काही जाणवतेच. वारंवार लघवीला जावे लागते, लागली की थांबवता येत नाही, शेवटी आग होते, ओटीपोटात जडपणा वाटतो. लघवी करताना कुशीत कळ येते, कारण नळीमुळे त्या वेळी मूत्राशयातला दाब थेट मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. लघवी गुलाबीसर होते, आणि ट्रॅक्टर चालवल्यावर, खडबडीत रस्त्यावर मोटारसायकलने गेल्यावर किंवा केळीचे घड उचलल्यावर ती अधिक लाल दिसते. विश्रांती घेऊन पाणी प्यायले की रंग उतरतो. हे सगळे नळीमुळे होते, खडा पुन्हा झाल्यामुळे नव्हे. टॅमसुलोसिन आणि मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्यांनी बराच आराम पडतो. चालणे-फिरणे, हलके काम, नेहमीचे जेवण चालते. घड वाहण्याचे आणि फवारणीचा पंप पाठीवर घेण्याचे काम मात्र नळी निघेपर्यंत दुसऱ्याकडे द्यावे.

यात न बसणारी लक्षणे वेगळी ओळखावीत: १००.४ अंशांच्या वर ताप किंवा थंडी, लघवीत रक्ताच्या गाठी, लघवी पूर्ण बंद होणे, गोळीनेही न थांबणारी कळ, सतत उलट्या. शस्त्रक्रिया जळगावला झाली आणि घर सातपुड्याच्या पायथ्याशी असेल तर इतक्या लांब जायचे म्हणून लोक सकाळपर्यंत थांबतात, गावातून तापाची गोळी घेतात, ताप तेवढ्यापुरता उतरतो आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण रक्तदाब खालावलेल्या अवस्थेत पोहोचतो. ताप आला की आधी फोन करावा आणि जवळच्या रुग्णालयात जावे. तिथल्या डॉक्टरांना आत डीजे स्टेंट आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे, कारण त्यावरून त्यांचे उपचार बदलतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर इतके लांबवले, तिच्याकडे येतो. ही शस्त्रक्रिया खडा निघाल्यावर पूर्ण होत नाही, नळी निघाल्यावर होते. साध्या प्रसंगात नळी एक ते दोन आठवडे ठेवतात, मूत्रवाहिनीला इजा झाली असेल तर चार ते सहा आठवडे. नेहमीच्या वापरातली नळी तीन महिन्यांपेक्षा जास्त आत राहू नये असे धरले जाते. तुमच्याकडे ठिबकच्या नळीची छिद्रे क्षारांनी बुजतात आणि आम्ल सोडून ती धुवावी लागते, हे वडिलांना माहीत असेल; लघवीतले क्षार या नळीवर तसेच थर धरतात, फक्त इथे धुण्याची सोय नाही. थर वाढत गेला की नळीच्या दोन्ही टोकांवर खडे तयार होतात, ती आतून बंद होते, ठिसूळ होते, आणि ओढून काढायला गेले तर मध्येच तुटते.

माणसे ती विसरतात कशी, असे वाटेल. पण सुरुवातीचा त्रास बऱ्याच जणांत दोन-तीन आठवड्यांनी सरावाने कमी होतो, कळ तर गेलेलीच असते, आणि ऑपरेशन झाले म्हणजे काम झाले असे घरात धरले जाते. शहादा भागातला, चाळिशीतला एक मजूर दुसरीकडे खडा काढून घेतल्यावर कामासाठी सुरतेला गेला आणि दीड वर्षाने लघवीची आग आणि ताप घेऊन आमच्याकडे आला. त्याची ओळख पटेल असे तपशील मी इथे देत नाही. त्याच्याजवळचा कागद भिजून गेला होता आणि आत नळी आहे हे त्याच्या पत्नीलाही माहीत नव्हते. साध्या क्ष-किरण फोटोत नळी दिसली, खालच्या टोकावर लिंबाएवढा आणि वरच्या टोकावर त्याहून लहान खडा धरलेला. आधी संसर्ग आटोक्यात आणला, मग खालचा खडा मूत्राशयात फोडला, आणि नंतर वेगळ्या खेपेस पाठीतून मूत्रपिंडात छिद्र करून वरचा खडा फोडल्यावर नळी दोन तुकड्यांत निघाली. वेळेवर आला असता तर हेच काम बाह्यरुग्ण विभागात दहा मिनिटांत झाले असते. त्या बाजूच्या मूत्रपिंडाचे काम पुढे तपासले तेव्हा ते बरेच कमी झालेले होते आणि ते पूर्ण भरून आले नाही.

म्हणून घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी मराठीत लिहून घ्या: नळी कोणत्या बाजूला आहे, कोणत्या तारखेला ठेवली, आणि कोणत्या तारखेपर्यंत काढायची. ती तारीख वडिलांच्या आणि तुमच्या, दोघांच्याही फोनमध्ये घाला. नळी काढण्याचा खर्च आधीच्या रकमेत धरलेला आहे की वेगळा, हेही तेव्हाच विचारा. पैशाची सोय झाली की जाऊ म्हणून ही तारीख पुढे जाते, हे मी खूप पाहिले आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार घेत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून नळी काढण्याबाबतची माहिती वेगळी विचारून घ्या.

नळी काढणे सोपे असते. लघवीच्या जागी बधिर करणारी जेली सोडतात, काही मिनिटे थांबतात, बारीक दुर्बीण मूत्राशयापर्यंत नेतात, खालचे टोक चिमट्यात पकडतात आणि नळी अलगद बाहेर येते. पुरुषांना यात थोडे जास्त जाणवते, पण त्रास काही क्षणांचा असतो. नंतर दिवसभर आग होते. काहींना पहिल्या काही तासांत, उरलेल्या सुजेमुळे, पूर्वीसारखी कळ येते. ती वेदनाशामकाने बहुधा जाते, पण ताप आला किंवा कळ दुसऱ्या दिवशीही राहिली तर दाखवावे. वडिलांसाठी वेदनाशामक कोणते हे मात्र क्रिएटिनिन पाहून डॉक्टरच ठरवतील.

नळी निघाल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी एक सोनोग्राफी करावी, काहीही दुखत नसले तरी. मघाशी म्हटले तसे मूत्रवाहिनीचे आकसणे दुखत नाही, आणि मूत्रपिंडावर सूज पुन्हा दिसणे हीच त्याची पहिली खूण असते. त्याच वेळी क्रिएटिनिन पुन्हा पाहावे. वाट मोकळी झाल्यावर ते १.१ वर आले तर तो भाग खड्याचा होता, आणि १.४ वरच राहिले तर मधुमेहाचा परिणाम मूत्रपिंडावर झाला आहे असे धरून पुढचे उपचार त्या दिशेने करावे लागतील.

खड्याचे तुकडे फेकून न देता तपासणीला पाठवा, असे शस्त्रक्रियेआधीच सांगून ठेवा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, पण मधुमेही माणसाची लघवी जास्त आम्लधर्मी असल्यामुळे त्यांच्यात युरिक आम्लाचे खडे अधिक दिसतात, आणि दोन्हींची पुढची काळजी वेगळी आहे. युरिक आम्लाचा खडा निघाला तर लघवीची आम्लता औषधाने कमी ठेवून पुढचे खडे रोखता येण्याची, कधी असलेले विरघळवता येण्याचीही शक्यता असते. कॅल्शियमचा खडा असा विरघळत नाही, तिथे मीठ कमी करणे आणि पाणी वाढवणे यावर भर राहतो. दूध-दही बंद करू नका, जेवणातले कॅल्शियम कमी केल्याने ऑक्झलेट उलट जास्त शोषले जाते. आणि पाणी किती प्यायले ते मोजण्यापेक्षा दिवसभरात लघवी अडीच लिटरच्या आसपास होते का हे पाहावे, कारण मे महिन्यात रावेर-भुसावळकडे पारा ४५ अंशांजवळ असताना बागेत काम करणाऱ्याचे प्यायलेले पाणी बरेचसे घामातच जाते. त्यासाठी एखादा दिवस लघवी मापाच्या भांड्यात साठवून पाहिली, तर वडिलांना किती पाणी वाढवायचे ते नेमके कळेल. क्रिएटिनिन कायम वाढलेले राहिले तर पाण्याचे हे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून ठरवा.